शटरिंग प्लेट व टेकू यांचा पुनर्वापर

स्लॅबखाली लावलेल्या लोखंडी प्लेटा आणि त्यांना आधार देणारे टेकू (प्रॉप) एका ओतकामातून काढून पुढच्या ओतकामाला पुन्हा वापरण्याची पद्धत. काँक्रीट प्लेटच्या तोंडाचा हुबेहूब ठसा घेते. त्यामुळे छताची खालची बाजू गुळगुळीत निघेल की नाही, हे बरेचसे दोन ओतकामांच्या मधल्या दिवसांत प्लेटांचे काय होते यावर ठरते.

प्लेट म्हणजे लोखंडी अँगलच्या चौकटीवर जोडलेला पातळ पत्रा. वापराने पत्रा झिजतो, पण त्याहून जास्त नुकसान काढताना होते. टेकू सैल केल्यावर प्लेट वरून खाली टाकली की कोपरे वाकतात आणि चौकट तिरकी होते. मग ती शेजारच्या प्लेटला नीट भिडत नाही. प्लेट हातोहात उतरवावी. चिकटली असल्यास लाकडी पाचर वापरावी, कारण पहारीने कोवळ्या काँक्रीटच्या कडा उडतात. चौकट काटकोनात आहे का हे दोन्ही कर्ण मोजून कळते. 60 × 90 सेंमी प्लेटचा प्रत्येक कर्ण सुमारे 108.2 सेंमी भरतो. दोन्हींत लक्षात येण्याजोगा फरक पडला तर प्लेट बाजूला काढावी.

सफाई त्याच दिवशी करावी. काढल्याबरोबर प्लेटवरची मसाल्याची साय पत्र्याच्या खरवडणीने सहज सुटते. चार दिवस गेले की ती दगडासारखी होते आणि माणसे पाठीमागून हातोडा मारू लागतात. त्या घावांनी पत्र्याला आलेले फुगवटे पुढच्या छतात खळगे म्हणून उमटतात. तोंड सगळेच साफ करतात, पण कडा राहून जातात, आणि खरा घोळ तिथेच होतो. एका ओळीत 90 सेंमीच्या दहा प्लेटा आहेत आणि प्रत्येक सांध्यात 2 मिमी मसाला अडकला आहे, असे धरू. नऊ सांधे मिळून ओळ 18 मिमीने लांबते. शेवटची प्लेट बसत नाही, मग ती ठोकून घुसवतात किंवा फट लाकडाच्या पट्टीने बुजवतात. बाकीच्या सांध्यांतल्या बारीक फटींतून सिमेंटचे पाणी गळते आणि छताला वाळूच्या भरड रेघा दिसतात. या रेघा नंतर ग्राउट चोळून झाकता येतात, पण रंगाचा फरक राहतोच.

तेलाचे काम काँक्रीट सुटे करणे हे आहे. शटरिंग तेलांपैकी काहींतील मेदाम्ले काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावून साबणासारखा पातळ थर तयार करतात आणि त्या थरावरून प्लेट सुटते. साधे खनिज तेल नुसता आडपडदा धरते. दोन्हींना पातळ थरच हवा. 100 चौ. मी. स्लॅबला 3 लिटर तेल लागले तर थर 0.03 मिमीचा होतो. याहून फार जाड थर दिला की तेल खळग्यांत साचते. तेथे छत तपकिरी, भुकटीसारखे आणि ठिसूळ निघते, त्यावर प्लास्टर व रंग धरत नाही. तेल फडक्याने किंवा फवाऱ्याने लावून वरचे जादा पुसून घ्यावे. बोट फिरवल्यावर ओलसर चमक दिसावी, पण थेंब जमू नये. इंजिनाचे जळके तेल स्वस्त असते, पण त्याचे डाग छतावर कायम राहतात. तेल सळया अंथरण्याआधीच लावायचे, कारण सळईला तेल लागले की तिची काँक्रीटशी पकड कमी होते. तेल लावल्यावर जोराचा पाऊस पडला तर थर धुऊन जातो. प्लेट पुसून पुन्हा तेल देणे हाच उपाय आहे, म्हणून तेल आणि सळया यांत फार दिवस जाऊ देऊ नयेत. तेलाऐवजी प्लास्टिकचा कागद अंथरला तर त्याची प्रत्येक घडी छतावर उमटते.

टेकूंत बाहेरची व आतली नळी, आतल्या नळीच्या भोकात घालायची पिन आणि आट्यांवर फिरणारी कॉलर असते. आट्यांत मसाला सुकला की कॉलर फिरत नाही आणि शेवटच्या काही मिलिमीटरची लेव्हल जुळत नाही. आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांना हलके तेल द्यावे. पिन हरवली की सळईचा तुकडा घालतात, पण बारीक सळई वजनाखाली वाकते. त्यामुळे पिना साखळीने टेकूलाच बांधलेल्या असाव्यात. नळी वाकली आहे का ते लांबीला दोरी लावून पाहावे. वाकडा टेकू सरळ टेकूइतका भार पेलत नाही, तो बादच धरावा.

साठवण जमिनीवर नको. लाकडी ठोकळ्यांवर प्लेटा तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ अशा रचाव्यात. तोंडाला पाठ लागली की अँगलच्या कडेने तोंडावर ओरखडे उठतात. रास किंचित उतरती ठेवली तर पाणी साचत नाही. ताडपत्री गुंडाळून चिकटवू नये, बाजूने हवा खेळू द्यावी, नाहीतर आतल्या दवाने गंज धरतो. वरवरचा गंज ब्रशने जातो, पण त्याने पडलेले खड्डे राहतात आणि त्यांत मसाला अडकतो, तेथे कितीही तेल चालत नाही. अशा प्लेटा पायासारख्या मातीत झाकल्या जाणाऱ्या कामाला द्याव्यात, उघड्या छताला नाहीत.