राखाडी भिंतीत दडलेला निळा

आमच्या बैठकीच्या खोलीसाठी निवडलेला राखाडी दुकानातल्या शेड कार्डवर ना निळा वाटला होता, ना पिवळा. भिंतीला दोन हात बसले आणि खोली दवाखान्याच्या वॉर्डासारखी दिसू लागली. रंगाऱ्याचं काही चुकलं नव्हतं; तो निळेपणा डब्यातच होता.

पांढऱ्यात नुसता काळा मिसळला की राखाडी बहुधा निळसर होतो. पांढरेपणा देणारे टायटॅनियम डायऑक्साइडचे कण अतिशय बारीक असतात आणि ते निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त विखुरतात. त्यामुळे निळा प्रकाश रंगाच्या थरात वरच्या वरच मागे फिरतो. लाल प्रकाश खोल शिरतो, त्याची वाट लांबते आणि त्या वाटेवर काळे कण त्याला शोषून घेतात.

ही छटा कार्डाच्या बोटभर तुकड्यावर जाणवत नाही, खोलीत मात्र वाढते. समजा, भिंत 100 पैकी 50 भाग निळा आणि 46 भाग लाल प्रकाश परतवते. तोच प्रकाश समोरच्या भिंतीवरून पुन्हा उसळला की निळा 25 आणि लाल साधारण 21 उरतो. म्हणजे निळ्याच्या मानाने लाल आधी 8 टक्के कमी होता, तो आता साधारण 16 टक्के कमी; प्रमाणातला फरक जवळपास दुप्पट झाला. त्यात आमची खिडकी उत्तरेला, म्हणजे वर्षातला बराच काळ थेट ऊन नाही, आभाळाचा निळसर उजेडच आत येतो. रात्री 6500 केल्विनची पांढरी ट्यूब उरलंसुरलं काम पुरं करायची.

उपाय रंगातच करावा लागतो. दुकानातल्या टिंटिंग मशीनवर त्याच राखाडीत थोडा पिवळा ऑक्साइड घालून घेतला. पहिल्या नमुन्यात तो जास्त झाला आणि रंग शेवाळी दिसू लागला, कारण काळ्यात पिवळा मिसळला की हिरवट झाक येते. ती मारायला किंचित लाल ऑक्साइड लागतो. दुसऱ्या नमुन्यात तो घातल्यावर ओल्या वाळूच्या जवळ जाणारा राखाडी मिळाला.

छटा ओळखायची तर शेड कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. शेजारी शुद्ध पांढरा असला की निळं, हिरवं, जांभळं जे असेल ते उघडं पडतं. नंतर दोन फुटी पुठ्ठ्यावर नमुन्याचे दोन हात देऊन तो पूर्ण वाळू द्या. मग तो खिडकीसमोरच्या भिंतीवर, कोपऱ्यात आणि जमिनीलगत, सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा. जमिनीलगत बघणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण हिरवट कोटा फरशी खालून भिंतीवर हिरवा उजेड टाकते.

दिवा 3000 केल्विनचा लावला की निळसर राखाडीही रात्री निवळतो, पण सकाळी भिंत पुन्हा पहिल्यासारखीच. आम्ही दिवा बदलला तो भिंत रंगवून झाल्यावर, आणि तेव्हा पिवळेपणा जास्त वाटला म्हणून 4000 केल्विनवर थांबलो.