फोडलेलं औषध कधीपर्यंत चालतं?

"बाटलीवरची एक्स्पायरी उलटली नाही ना, मग उरलेलं अँटिबायोटिक सिरप पुढच्या तापाला चालतं."

एक्स्पायरीची तारीख बंद बाटलीतल्या कोरड्या पावडरीची असते. पाणी घातलं की दुसरी, छोटी मुदत सुरू होते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानिक आम्लाचं ड्राय सिरप घ्या. त्यातलं क्लॅव्ह्युलानिक आम्ल पाण्यात हळूहळू विघटित होतं, उष्णतेत आणखी लवकर. म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवूनही साधारण ७ दिवसच वापरायचं असतं. ३ जूनला कालवलं, तर १० जूनला उरलेलं टाकून द्यायचं, मग एक्स्पायरी पुढच्या वर्षीची का असेना. वास-चव बदलली नाही म्हणजे ताकद टिकली, असं नाही. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका.

ही मुदत लेबलावर पाणी घालण्याच्या सूचनेजवळ बारीक अक्षरात असते: 'रिकॉन्स्टिट्यूशननंतर इतक्या दिवसांत वापरा'. तिथे नसेल तर खोक्यावर किंवा आतल्या कागदावर बघा. प्रत्येक सिरपची मुदत वेगळी असते, त्यामुळे शेजारच्या बाटलीवरून अंदाज बांधू नये. कालवल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहिली की काम झालं.

डोळ्यांच्या थेंबांत प्रश्न जंतूंचा. टोक पापणीला लागतं, जंतू आत जातात. बऱ्याच बाटल्यांवर 'उघडल्यापासून एक महिना' असं छापलेलं असतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, एकदाच वापरायच्या छोट्या नळ्या लगेच टाकायच्या.

क्रीमच्या ट्यूबवर अशी मुदत नसेल, तर आतल्या कागदावर शोधा, नाहीतर फार्मासिस्टला विचारा. क्रीम फुटून पाणी वेगळं झालं असेल, तर तारीख बघायचीही गरज नाही.