ओएलईडीवरचे डाग आणि डार्क थीमची बचत: एकाच विजेचे दोन हिशेब

माझा जुना फोन मी सात-आठ महिने टेबलावरचं घड्याळ म्हणून वापरला. कायम चार्जरला लावलेला, ब्राइटनेस पूर्ण, काळ्याभोर पार्श्वभूमीवर मोठे पांढरे आकडे. स्क्रीन ओएलईडी, म्हणजे काळ्या जागेतले पिक्सेल बंदच. याहून सुरक्षित काय असणार, असं मी धरून चाललो होतो. नंतर एकदा त्यावर नुसतं राखाडी चित्र पूर्ण स्क्रीनभर उघडलं, तर तास आणि मिनिटं यांच्यामधले दोन ठिपके तिथेच बसलेले दिसले, मळकट पिवळसर. आकडे बदलत असल्यामुळे त्यांच्या जागी 8 सारखी अंधूक सावली होती. ठिपके मात्र इतक्या महिन्यांत जागचे हलले नव्हते.

डार्क थीममुळे बॅटरी वाचते आणि डार्क थीममुळे बर्न-इन, म्हणजे स्क्रीनवर असा कायमचा डाग, होत नाही, ही दोन वाक्यं आपण एका दमात बोलतो. पहिलं बरंचसं खरं आहे. दुसरं मात्र त्याच्यामागून आपोआप येत नाही.

ओएलईडीमध्ये मागे वेगळा दिवा नसतो. प्रत्येक पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या आणि निळ्या बिंदूंतून वीज गेली की तिथला सेंद्रिय पदार्थ स्वतःच उजळतो. बॅटरीला या सगळ्या विजेची बेरीज भरावी लागते. पण वीज जाताना तो पदार्थ थोडा थोडा झिजतही असतो, आणि मग तेवढ्याच विजेत पूर्वीपेक्षा कमी प्रकाश देतो. सगळी स्क्रीन सारखी झिजली तर ती जराशी मंद होईल, पण डाग दिसणार नाही. एक पिक्सेल शेजाऱ्यापेक्षा जास्त झिजला की डाग दिसतो. म्हणजे बॅटरीचा हिशेब बेरजेचा आणि बर्न-इनचा वजाबाकीचा. ‘बर्न’ या शब्दामुळे काहीतरी जळल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ती असमान झीज असते.

माझ्या घड्याळाला हे तंतोतंत लागू होतं. बहुतेक स्क्रीन काळी, त्यामुळे बेरीज अगदी लहान. पण ठिपके सतत पूर्ण उजळलेले आणि भोवतालचे पिक्सेल जवळजवळ कोरे, म्हणून फरक जितका होऊ शकतो तितका झाला. डाग पिवळसर दिसला, कारण निळा प्रकाश देणारा पदार्थ सर्वांत लवकर दमतो. निळ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त असते, तिच्यापायी रेणूंचे बंध तुटतात. पांढऱ्यातून निळा कमी झाला की उरतो तो पिवळेपणा. पूर्ण ब्राइटनेसने यात मोठी भर घातली. उजेड दुप्पट केला की पिक्सेलचं आयुष्य निम्म्याहूनही कमी होतं.

लाइट थीममध्ये हेच उलटं घडतं. वरच्या पट्टीतली पांढरी जागा झिजते आणि काळी चिन्हं ताजी राहतात. डाग तरीही पडू शकतो.

आता बचतीचं. 2021 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी ओएलईडी फोनवर लोकप्रिय अ‍ॅप्स तपासली. ब्राइटनेस 100 टक्के असताना लाइटवरून डार्क थीमवर गेल्यास सरासरी 39 ते 47 टक्के वीज वाचली. पण 30 ते 50 टक्के ब्राइटनेसवर हीच बचत 3 ते 9 टक्क्यांवर आली. घरात आपण बहुतेकदा याच टप्प्यात असतो, त्यामुळे डार्क थीम लावूनही फोन फार जास्त टिकल्यासारखा वाटत नाही. बाहेर उन्हात, ब्राइटनेस टोकाला गेल्यावर मात्र फरक ठसठशीत जाणवतो. एलसीडी फोनमध्ये मागचा दिवा चालूच राहतो, तिथे या बचतीची आशा धरू नये.

गडद राखाडी सोडून शुद्ध काळाच हवा, हा आग्रहही मला अनाठायी वाटतो. `#121212` हा नेहमीचा गडद रंग घ्या. आकड्यांत तो पांढऱ्याच्या 7 टक्के दिसतो, पण स्क्रीनवर आकडा आणि उजेड सरळ प्रमाणात चालत नाहीत. त्याचा उजेड पांढऱ्याच्या 0.6 टक्क्यांच्या आसपास भरतो. तेवढ्यासाठी शुद्ध काळ्याच्या मागे लागून बॅटरी काही वाढत नाही.

डाग रोखायचा तर दोन गोष्टी खऱ्या कामाच्या: ब्राइटनेस उतरवणं आणि स्थिर गोष्टी हलत ठेवणं. म्हणूनच ऑल्वेज-ऑन डिस्प्लेमधलं घड्याळ मंद असतं आणि अधूनमधून जागा बदलतं. डाग घालवण्याचे व्हिडिओ मात्र झीज भरून काढत नाहीत. फार तर उरलेली स्क्रीन झिजवून ते फरक थोडा बुजवतात.

स्क्रीनवर सावली दिसली तर आधी राखाडी चित्राचा स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर बघा. तिथेही सावली दिसली तर दोष चित्रात आहे, स्क्रीनमध्ये नाही. तिथे दिसली नाही, तर फोन काही तास बंद ठेवा. नंतर सावली गेली तर तो तात्पुरता ठसा होता. बर्न-इन असेल तर ती तशीच राहते, माझ्या त्या दोन ठिपक्यांसारखी.