चॅटवर डिझाइन पाठवताना: पेस्ट, ड्रॅग की ब्राउझ?

हँडबिल, पत्रिका किंवा फ्लेक्सचं डिझाइन बरेच ग्राहक आम्हाला कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सअॅप वेबमधून पाठवतात. कुणी चित्र कॉपी करून चॅटमध्ये पेस्ट करतं, कुणी फाइल माउसने ओढून आणून सोडतं, तर कुणी चॅटमधल्या + चिन्हावर जाऊन ती शोधून जोडतं. तिन्ही वेळा चॅटमध्ये चित्र सारखंच दिसतं, आमच्या हाती मात्र वेगवेगळं येतं.

A4 हँडबिलाचंच बघा. स्वच्छ छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरतात, म्हणजे A4 पानाला साधारण 2480 × 3508 पिक्सेल लागतात. 1366 × 768 च्या लॅपटॉपवर पूर्ण पान उघडलं, की त्याच्या उंचीला जेमतेम 600 पिक्सेल मिळतात. त्याचा स्क्रीनशॉट पेस्ट केलात तर 11.7 इंचांच्या पानाला तेवढेच 600, म्हणजे इंचाला 51. अक्षरांच्या कडा फुटणारच, आणि ते डिझाइन आमच्याकडे कितीही मोठं केलं तरी गेलेले पिक्सेल परत येत नाहीत.

मूळ फाइल फोटो म्हणून पाठवली तरी व्हॉट्सअॅप ती लहान करतं. साध्या दर्जात लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास उरते, म्हणजे इंचाला 137. HD निवडल्यावर फरक पडतो, पण तीही मूळ फाइल नव्हे. मूळ फाइल जशीच्या तशी येते ती + दाबून Document निवडल्यावर. JPG असली तरी Document मधूनच पाठवा. छपाईच्या अंतिम फाइलसाठी आम्ही हाच मार्ग धरायला सांगतो, भले दोन क्लिक जास्त पडोत.

निवडीच्या खिडकीत फाइल दिसली नाही, तर ती हरवली असं लगेच समजू नका. फोटोंच्या पर्यायातून गेलात तर खिडकी फक्त फोटो-व्हिडिओ दाखवते, PDF किंवा CDR लपवते. Document मधून जा. आणखी एक: फाइल डिझाइनच्या प्रोग्राममध्ये उघडी असेल तर आधी Ctrl+S करा. जाते ती शेवटची सेव्ह केलेली प्रत, स्क्रीनवर दिसणारी नव्हे.

मग पेस्ट कशासाठी? प्रूफमधल्या चुका दाखवायला त्याच्यासारखं सोपं काही नाही. Windows + Shift + S दाबा, चुकलेल्या ओळीभोवती चौकट ओढा, चॅटच्या लिहायच्या जागेत क्लिक करून Ctrl+V करा. प्रीव्ह्यू आला की त्याखाली ‘दुसरी ओळ, वेळ सायं. 6.30 हवी’ असं लिहून Enter दाबा. चौकट नेमकी ओढण्याचा आणखी फायदा म्हणजे तुमच्या इतर चॅट आणि उघड्या खिडक्या आमच्यापर्यंत येत नाहीत.

पेस्ट केल्यावर भलतंच आलं, तर मधे तुम्ही दुसरं काहीतरी कॉपी केलेलं असतं. Windows + V दाबलंत की आधीच्या कॉपींची यादी दिसते (पहिल्यांदा ती सोय चालू करावी लागते). वेबपेजवरून चित्र घेताना Copy image निवडा. Copy image address निवडलंत तर चॅटमध्ये नुसती लिंक उमटते. एक्सेलचा तक्ता कधी चित्र म्हणून येतो, कधी मजकूर म्हणून. क्लिपबोर्डवर एकाच गोष्टीची अनेक रूपं असतात, त्यातलं कुठलं घ्यायचं हे समोरची खिडकी ठरवते. शिवाय असं कॉपी केलेलं चित्र फाइलच्या नावाविना येतं. ‘पत्रिका_दुरुस्त_3’ हे नाव गेलं, की तिसरी प्रत कुठली ते आम्हाला विचारावं लागतं.

चार-पाच फोटो एकदम द्यायचे असतील तर ड्रॅग सोयीचं. Ctrl धरून फोटो निवडा, फोल्डर आणि चॅट शेजारीशेजारी ठेवा, ओढत न्या आणि चॅटवर ‘इथे सोडा’ अशा अर्थाची खूण दिसल्यावरच बोट उचला. खूण नसताना सोडलंत तर ब्राउझर ती फाइल स्वतःच उघडतो, कधी चॅटच्याच टॅबमध्ये, आणि लिहीत असलेला मजकूर जाऊ शकतो. ZIP उघडून त्यातूनच थेट ओढलेली फाइल बहुधा जातच नाही. आधी Extract All करा. ओढलेले फोटो फोटो म्हणूनच जातात, म्हणजे लहान होऊनच. कुठला फोटो घ्यायचा हे ठरवायला तेवढं पुरतं. निवड पक्की झाली की तोच फोटो Document मधून पाठवा.

JPG सारखी चित्राची फाइल असेल, तर पाठवण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून Properties मधलं Details पान उघडा. Dimensions मधला मोठा आकडा A4 साठी 3500 च्या जवळ असेल तर काम पुढे जाईल. 1000 च्या आत असेल, तर ज्यांनी डिझाइन केलं त्यांच्याकडून मूळ फाइल मागवून घ्या.