सर्च कोरा आला, म्हणजे टायटल क्लिअर?

‘तीस वर्षांचं बोजा प्रमाणपत्र कोरं आलंय. म्हणजे प्लॉट निर्वेध, आता टोकन द्यायला हरकत नाही ना?’

हरकत आहे, थोडं थांबा. सर्चचा हा कागद दुय्यम निबंधकाकडच्या नोंदींवरून, मुख्यतः सूची क्रमांक २ वरून तयार होतो. त्या मिळकतीचे खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र त्या काळात नोंदवले गेले का, एवढंच तो सांगतो. दस्ताविना आलेला हक्क त्यात दिसत नाही, आणि वारसाहक्क नेमका तसाच येतो.

समजा, पाचगावातला प्लॉट वडिलांनी स्वतः १९८५ ला घेतला. २००९ ला ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. हिंदू वारसा कायद्याने चौघांचा चौथा-चौथा हिस्सा. उताऱ्यावर मात्र भावांचीच नावं लागली. बहीण इचलकरंजीला नांदते, तिची सही कुठंच नाही. सर्च कोराच येणार, कारण दस्त झालाच नाही. पण भावांनी प्लॉट विकला तरी बहिणीचा हिस्सा जात नाही आणि ती दावा लावू शकते.

म्हणून तलाठ्याकडून वारसाचा फेरफार काढून सगळी नावं वाचा. नाव वगळलेलं असेल, तर हक्कसोडपत्र मागा. ते नोंदवावंच लागतं, म्हणजे झालं असेल तर सर्चमध्ये दिसायलाच हवं. इथं कोरा कागद हीच धोक्याची खूण. ‘ताईनं तोंडी सोडलंय’ यावर मी तरी व्यवहार करू देणार नाही. तिला खरेदीखतावर सहीला बोलवा.