रुमिनेशन सिंड्रोम

नुकतंच खाल्लेलं अन्न मळमळ नाही, उमासे नाहीत, असं विनासायास तोंडात परत येणं म्हणजे रुमिनेशन सिंड्रोम. आलेला घास माणूस परत चावून गिळतो नाहीतर थुंकतो. तान्ह्या बाळांत आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांत हे आधीपासून माहीत होतं, पण एरवी धडधाकट तरुणांतही ते होतं आणि तिथेच निदान सगळ्यात जास्त रखडतं. पहिली नोंद बहुधा इटालियन शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियसची, 1618 च्या सुमाराची धरतात.

खरा वाद कारणाचा आहे. अन्ननलिकेच्या खालची झडप ढिली म्हणून अन्न वर येतं असं बरेच जण धरून चालायचे, पण नळीतला दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्रीत वेगळंच दिसतं: आधी पोटाचे स्नायू आवळले जातात, जठरातला दाब एकदम वाढतो (बऱ्याचदा 30 मि.मी. पाऱ्याच्या वर) आणि मग अन्न वर ढकललं जातं. झडप त्या क्षणी नेमकी का सैल पडते यावर अजून एकमत नाही. ही नकळत लागलेली सवय आहे, हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं, कारण सवय मोडली की त्रास कमी होतो. पेशंट मुद्दाम करतो असं मात्र मुळीच नाही.

ठराविक केस अशी: विशीतली मुलगी, जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पोळीभाजीचा घास वर येतो, चव अजून भाजीचीच असते, तास-दीड तासाने घास आंबट लागायला लागले की आपोआप थांबतं. रात्री झोपेत काही नाही. पण ती डॉक्टरांना सांगते "जेवलं की उलटी होते", मग ॲसिडिटी म्हणून पॅन्टोप्राझोल सुरू होतं. गोळीने जळजळ कमी होऊ शकते, घास येणं थांबत नाही, कारण गोळी फक्त ॲसिड कमी करते, पोटाचा दाब नाही. अन्ननलिकेतलं ॲसिड मोजणारी चोवीस तासांची पीएच टेस्टही फसवते, वर आलेल्या अन्नासोबत ॲसिडही येतं आणि रिपोर्टमध्ये रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं ॲसिड वर येण्याचा त्रास, असं लिहिलं जातं. म्हणून जेवणानंतर किती वेळाने, चव कशी, रात्री होतं का, हे विचारल्याशिवाय फरक कळत नाही. गिळताना अडकणं, रक्त पडणं किंवा वजन घटणं असेल तर एंडोस्कोपी आधी.

मुख्य उपचार म्हणजे पोटाने श्वास घेणं. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवायचा, नाकाने सावकाश श्वास घेताना फक्त पोटावरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा हलला तर चुकतंय. मिनिटाला साधारण सहा-आठ श्वास. आधी उपाशीपोटी जमवायचं, मग जेवण संपल्या संपल्या दहा-पंधरा मिनिटं, आणि घास वर येतोय असं वाटलं की लगेच. पोट असं फुगत असताना त्याच वेळी ते आवळता येत नाही, शिवाय श्वासपटलामुळे झडपेपाशी दाब वाढतो. बऱ्याच जणांची चूक म्हणजे घास तोंडात आल्यावर सुरुवात करणं. मूळचाच रिफ्लक्स किंवा सारखी ढेकर काढायची सवय यामागे असेल तर नुसता श्वास पुरत नाही, त्याचाही वेगळा उपचार लागतो, आणि काहींना डॉक्टर बॅक्लोफेन देतात, पण त्याने सुस्ती येते.