दुसऱ्या पानावरचा तक्ता कुठून आला

कंपनीच्या कुठल्याही कार्यपद्धतीचा दस्तऐवज उघडला की पहिल्या-दुसऱ्या पानावर एक तक्ता असतो. आवृत्ती क्रमांक, तारीख, काय बदलले, कोणी तयार केले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले. वाचणारा तो ओलांडून पुढे जातो, आणि नवा दस्तऐवज लिहिणारा जुन्या फाइलमधून तो जसाच्या तसा उचलतो. पण हे रकाने कोणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. ते दोन वेगवेगळ्या घरांतून आले आहेत.

पहिले घर यंत्रभागांच्या ड्रॉइंगचे. मूळ ट्रेसिंग एकच असे, पण त्याच्या ब्लूप्रिंट कारखानाभर पसरत. मूळ चित्रात छिद्राचे माप बदलले, तरी एखाद्या लेथपाशी टांगलेली जुनी प्रत तशीच राही आणि तिच्यावरून माल बनत राही. म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजन ब्लॉक आला. त्यात अक्षर, बदलाचे वर्णन, तारीख आणि मंजुरी असते, आणि शेजारी ‘झोन’, म्हणजे बदल चित्राच्या कुठल्या चौकटीत आहे तेही. अमेरिकी प्रथेत रिव्हिजनच्या अक्षरांतून आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड वगळतात. हाताने काढलेला ओ आणि शून्य, किंवा एस आणि पाच यांत घोटाळा कसा होतो, हे पाहिलेल्यांनीच तो नियम केला असणार.

दुसरे घर सुट्या पानांच्या मॅन्युअलचे. विमान देखभालीच्या जाडजूड मॅन्युअलमध्ये एका बदलासाठी सगळा ग्रंथ पुन्हा छापणे परवडत नसे. मग बदललेली तेवढी पाने पाठवायची, प्रत बाळगणाऱ्याने जुनी काढून नवी लावायची आणि सुरुवातीच्या नोंदपानावर दुरुस्ती क्रमांक, तारीख व सही टाकायची. सोबत लागू पानांची यादी असे, म्हणजे पान चुकून राहिले तर पडताळता येई.

या सवयींना नियमाचे रूप दिले ते लष्करी खरेदीने. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या १९५९ च्या एमआयएल-क्यू-९८५८ या गुणवत्ता मानकात ड्रॉइंग, दस्तऐवज आणि त्यांतील बदल यांवर नियंत्रण मागितले होते. पुढे १९७९ मध्ये ब्रिटनचे बीएस ५७५० आले आणि त्याच्या आधारावर १९८७ मध्ये आयएसओ ९००१. १९९४ च्या आवृत्तीतली एक अट आजच्या तक्त्यासाठी मोलाची आहे: वेगळे ठरवले नसेल, तर ज्या विभागाने मूळ दस्तऐवज मंजूर केला त्यानेच बदल मंजूर करायचा, आणि शक्य तिथे बदलाचे स्वरूप दाखवायचे. अटीत विभाग आहे, व्यक्ती नाही. म्हणून नियमात मंजुरीदार पदाने लिहावा आणि नाव फक्त त्या त्या आवृत्तीच्या ओळीत यावे. नुसते नाव लिहिले, की तो माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी दस्तऐवज निराधार होतो.

तक्ता मात्र आयएसओने कधीच सक्तीचा केला नाही. ऑडिटसाठी पुरावा लागतो, म्हणून तो रूढ झाला. २०१५ च्या आवृत्तीत दस्तऐवज नियंत्रणाची वेगळी लेखी कार्यपद्धतीही बंधनकारक उरली नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय उपकरणांसाठी केलेल्या १९९६ च्या नियमांत आणखी एक भेद स्पष्ट झाला: मंजुरीची तारीख वेगळी, अंमलाची वेगळी. समजा, वजनकाटा तपासण्याच्या कार्यपद्धतीत मुदत बारा महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणली. आवृत्ती ३ ला ४ मार्चला मंजुरी मिळाली आणि प्रशिक्षणासाठी वेळ ठेवून अंमल १८ मार्चपासून धरला. १० मार्चला एक काटा नऊ महिन्यांपूर्वी तपासलेला सापडला. तक्त्यात एकच तारीख असेल तर ही चूक की नियमानुसार, यावर वाद होणारच. दोन्ही तारखा असतील तर उत्तर सरळ आहे: त्या दिवशी आवृत्ती २ लागू होती, काटा मुदतीत होता. आणि बदलाच्या रकान्यात ‘किरकोळ सुधारणा’ असे न लिहिता ‘कलम ५.२: तपासणीची मुदत १२ ऐवजी ६ महिने’ असे लिहिले, तर ड्रॉइंगच्या झोनचे काम तो रकाना करतो.

१९९७ मध्ये त्याच प्रशासनाने इलेक्ट्रॉनिक सह्यांचे नियम आणले. सहीसोबत नाव, तारीख-वेळ आणि सहीचा अर्थ, म्हणजे तपासणी की मंजुरी, दिसायला हवा. सहीचा स्कॅन चिकटवलेल्या तक्त्यातून यातले काहीच सिद्ध होत नाही, तरी तो अजून सर्रास दिसतो.

आता मूळ प्रत सर्व्हरवर असते आणि पानाच्या तळाशी ‘छापील प्रत अनियंत्रित’ अशी ओळ येते. ती ओळ असलेला कागदही कोणीतरी प्लास्टिकमध्ये घालून यंत्रापाशी टांगतोच, जिथे पूर्वी ब्लूप्रिंट टांगलेली असे.